चेंडूवरचा त्रिकोण: कोन मोजून क्षेत्रफळ काढताना

गोलावर काढलेल्या त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंशांपेक्षा जास्त भरते. हे जे वरचं भरतं, ते कोनाधिक्य. ते रेडियनमध्ये घेऊन गोलाच्या त्रिज्येच्या वर्गाने गुणलं की क्षेत्रफळ मिळतं. सूत्र एका ओळीचं आहे आणि पाठही पटकन होतं. पण प्रत्यक्ष चेंडू हातात घेऊन कोन मोजायला बसलं, की ते कुठे कामाचं आहे आणि कुठे अजिबात नाही हे कळतं. म्हणून आधी चेंडू, मग पृथ्वी, आणि शेवटी सिंहगडाच्या आसपासचा एक छोटा त्रिकोण, या क्रमाने हा हिशेब मांडतो.

चेंडू थर्मोकोलचा घ्या, वीसेक सेंटिमीटर व्यासाचा. सजावटीचं सामान मिळतं त्या दुकानांत, पुण्यात बोहरी आळीच्या बाजूला, असे गोळे मिळतात. मोठे गोळे बहुधा दोन पोकळ वाट्या जोडून केलेले असतात. त्या जोडाची कड हाताला लागते, त्रिकोण तिच्यापासून लांब ठेवायचा. फुटबॉल नको, त्याच्या शिवणींवर कोनमापक बसत नाही.

त्रिज्या थेट मोजता येत नाही, परीघ मोजता येतो. शिंप्याची टेप गोळ्याभोवती तीन वेगवेगळ्या दिशांनी गुंडाळून, सगळ्यांत मोठा येईल तो परीघ प्रत्येक वेळी घ्यायचा. टेप मध्यावरून जरा सरकली की आकडा कमीच येतो, म्हणून सगळ्यांत मोठा. इथे ६२.०, ६२.२ आणि ६२.४ सेंमी आले, सरासरी ६२.२. तिला 2π ने भागून त्रिज्या ९.९० सेंमी, आणि त्रिज्येचा वर्ग ९८.० चौसेंमी. परिघात ०.२ सेंमीची चूक असेल तर क्षेत्रफळात ०.६ टक्क्यांची चूक शिरते. ही चूक आपल्याला परवडते, खरा घोळ पुढे कोनांत होतो.

आता बाजू. गोलावर ‘सरळ’ रेषा म्हणजे बृहद्वृत्ताचा तुकडा: ज्या वर्तुळाचं केंद्र गोलाच्याच केंद्रात असतं, त्याचा. दोन बिंदूंमध्ये दोरा ताणून धरला तर तो थर्मोकोलवर अडकतो आणि वाकडा असूनही सरळ दिसतो. त्यापेक्षा कागदाची पाच मिलिमीटर रुंद, लांब पट्टी कापा आणि ती एका बिंदूपासून गोळ्यावर अलगद टेकवत न्या. पट्टी बृहद्वृत्तावर असेल तर दोन्ही कडा सारख्या टेकतात. जरा बाजूला वळली की एक कड फुगते किंवा सुरकुतते. फुगली की मागे या, दिशा बदला, पुन्हा न्या. दोन-तीन खेपांत पट्टी दुसऱ्या बिंदूवर बरोबर उतरते. मग तिच्या कडेने बारीक बॉलपेनने रेघ ओढायची. स्केचपेन नको, त्याची रेघ जाड येते आणि थर्मोकोलच्या दाण्यांत शाई पसरते.

रेघ कोपऱ्यावर थांबवू नका. प्रत्येक बाजू शिरोबिंदूच्या पलीकडे तीनेक सेंटिमीटर वाढवा. कारण कोन मोजताना समोरासमोरचे दोन कोन सारखे यायला हवेत आणि शेजारचे दोन मिळून १८० व्हायला हवेत. फुकटात मिळणारी ही पडताळणी आहे.

कंपासपेटीतला कोनमापक इथे कामाचा नाही. त्याची त्रिज्या पाचेक सेंटिमीटर असते. या गोळ्यावर तो शिरोबिंदूपाशी टेकवला, तर त्याची कड पृष्ठभागापासून जवळजवळ १.४ सेंमी वर तरंगते. डोळा जरा हलला की वाचन दोन-तीन अंशांनी बदलतं. पारदर्शक प्लॅस्टिकवर दोन सेंटिमीटर त्रिज्येचा कोनमापक छापून किंवा कोरून घ्या. त्याची कड पृष्ठभागापासून दोनच मिलिमीटर वर राहते. डोळा शिरोबिंदूच्या बरोबर डोक्यावर हवा. तिथून पाहिलं की वक्र बाजूही अगदी सरळ दिसतात आणि त्यांच्यातला कोन खरा असतो. बाजू वाकलेली दिसतेय असं वाटलं तर समजायचं, डोळा तिरपा आहे.

लहान कोनमापकाची किंमत वेगळी मोजावी लागते. दोन सेंमी त्रिज्येवर एक अंश म्हणजे ०.३५ मिलिमीटर. अर्धा मिलिमीटर जाडीची रेघ असेल तर तिच्या या कडेवरून त्या कडेवर जाताना सुमारे दीड अंश निघून जातो. म्हणून नेहमी रेघेची एकच कड धरायची, आणि चारही कोन वाचून, शेजारचे दोन १८० मधून वजा करून, मग सरासरी घ्यायची.

आमच्या गोळ्यावर बाजू ११.७, १०.७ आणि १२.५ सेंमी होत्या. कोन आले ७४, ६६ आणि ८१ अंश. बेरीज २२१, कोनाधिक्य ४१ अंश.

```
E = 41° = 41 × π/180 = 0.7156
क्षेत्रफळ = R² × E = 98.0 × 0.7156 = 70.1
```

७०.१ चौसेंमी. सगळ्यांत जास्त चुका होतात त्या अंशांचे रेडियन करायचे राहतात म्हणून. तसं झालं तर उत्तर ४०१८ येतं, आणि अख्ख्या गोळ्याचं पृष्ठफळच १२३१.५ चौसेंमी आहे. ही भानगड टाळायची तर रेडियन विसरा. पूर्ण गोलाला ७२० अंश धरा, आणि क्षेत्रफळ म्हणजे गोलाच्या पृष्ठफळाचा E/720 इतका भाग. ४१ भागिले ७२०, गुणिले १२३१.५, पुन्हा ७०.१.

हे ७२० आलं कुठून? मोसंबीच्या फोडीकडे बघा. तिची साल म्हणजे दोन बृहद्वृत्तांमधली चंद्रकोर. कोन A असलेल्या अशा चंद्रकोरीचं क्षेत्रफळ गोलाच्या A/360 इतकं. त्रिकोणाच्या तिन्ही बाजू पूर्ण फिरवून आणल्या की प्रत्येक शिरोबिंदूवर समोरासमोरच्या दोन, अशा एकूण सहा चंद्रकोरी होतात. त्या मिळून सगळा गोल झाकतात. फक्त आपला त्रिकोण आणि त्याच्या बरोबर पाठीमागचा तसाच दुसरा त्रिकोण तीन-तीनदा झाकले जातात, म्हणजे प्रत्येकी दोनदा जास्त. सहा चंद्रकोरींची बेरीज गोलाच्या 2(A+B+C)/360 पट, आणि ती बरोबर गोल अधिक चार त्रिकोण. आकडेमोड केली की त्रिकोण उरतो गोलाच्या (A+B+C−180)/720 इतका. वाढवलेल्या रेघा गोळ्यावर असतील तर हे बोटाने दाखवता येतं. अल्बेर जिरार याने १६२९ साली हे छापलं, म्हणून नाव त्याचं. थॉमस हॅरियटने १६०३ मध्येच काढलं होतं, पण छापलं नाही.

उत्तर खरं की खोटं हे दुसऱ्या वाटेने बघायला हवं. त्रिकोणावर एक सेंटिमीटर रुंदीची कागदी चिकटपट्टी शेजारी शेजारी लावा, मध्ये फट नको आणि एकावर एक नको. बाजूंच्या रेघांवरून ब्लेडने कापा, पट्ट्या सोडवून आलेखाच्या कागदावर लावा आणि चौकोन मोजा. आमच्याकडे ६९ पेक्षा थोडे जास्त चौकोन भरले. तुलनेसाठी, त्याच तीन बाजू सपाट कागदावर घेऊन हेरॉनच्या सूत्राने केलं तर ५८ सुद्धा येत नाहीत. म्हणजे ७० चौसेंमी हे उत्तर जागेवर आहे.

पण ते किती पक्कं? कोनाधिक्यात एक अंशाची चूक म्हणजे १.७ चौसेंमी. तिन्ही कोन अर्ध्या-अर्ध्या अंशाने एकाच बाजूला चुकले तर अडीच चौसेंमी गेले. आणि रेघेची चुकीची कड धरली तर तिन्ही कोन एकाच बाजूला चुकतात. ७० मध्ये अडीच, हे या साधनांनी चालवून घ्यायचं.

गोळ्याऐवजी पृथ्वीगोल घेतला की एक नवी चूक होते, आणि ती करायला गोलावरच्या छापील रेघाच शिकवतात. पुण्याच्या अक्षांशावर, म्हणजे सुमारे १८.५ अंशांवर, पुणे हा एक बिंदू घ्या आणि बरोबर ९० रेखांश पूर्वेला पॅसिफिकमध्ये दुसरा. तिसरा बिंदू उत्तर ध्रुव. दोन रेखावृत्तं आणि तळाशी अक्षवृत्त, तिन्ही कोन ९० अंशांचे दिसतात, म्हणून कोनाधिक्य ९० अंश, आणि त्रिकोण गोलाच्या एक अष्टमांश! पण एक अष्टमांश भाग विषुववृत्तापर्यंत जातो, आपला तर पुण्यालाच थांबतो. घोळ असा की रेखावृत्तं बृहद्वृत्तं आहेत, १८.५ चं अक्षवृत्त नाही. कागदाची पट्टी पुण्यावरून त्या दुसऱ्या बिंदूकडे नेऊन बघा, ती अक्षवृत्त सोडून उत्तरेला चढते आणि मध्यावर २५ अंशांच्या जरा वर पोचते. त्या पट्टीशी तळचे कोन ९० नाहीत, ७२.४ आहेत. खरं कोनाधिक्य ५४.८ अंश. विषुववृत्त सोडून कुठलंही अक्षवृत्त बाजू म्हणून घेतलं की हे सूत्र लागू नाही.

आता खरा मोठा त्रिकोण: पुणे, दिल्ली, कोलकाता. पुणे १८.५२ उत्तर, ७३.८६ पूर्व, दिल्ली २८.६१, ७७.२१; कोलकाता २२.५७, ८८.३६. पृथ्वी ६३७१ किमी त्रिज्येचा गोल धरली. गोलीय त्रिकोणमितीने कोन निघतात पुण्याला ५४.६४१, दिल्लीला ७९.१४३ आणि कोलकात्याला ४७.२८० अंश. बेरीज १८१.०६४. बाजू हजार-दीड हजार किलोमीटरच्या, आणि कोनाधिक्य फक्त एक अंश आणि वर थोडं. इतका मोठा त्रिकोण काढूनही पृथ्वीच्या मानाने तो बारकाच आहे.

या पृथ्वीवर एक अंश कोनाधिक्याचे सुमारे ७,०८,४०० चौकिमी होतात. तेव्हा १.०६४१ अंशांचे ७,५३,८०० च्या जवळपास, महाराष्ट्राच्या जवळजवळ अडीचपट. पण हेच कोन एका दशांश स्थळापर्यंत लिहून बघा: ५४.६, ७९.१, ४७.३. बेरीज १८१.०, कोनाधिक्य १.०, आणि क्षेत्रफळातून ४५ हजार चौकिमी गायब. दोन स्थळांपर्यंत घेतले तर कोनाधिक्य १.०६ आणि उत्तर ७,५०,९००. अंशाच्या शंभराव्या भागाला सात हजार चौकिमी म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याचा जवळजवळ अर्धा भाग. आणि गंमत म्हणजे पृथ्वी सपाट समजून, बाजू ११७२.६, १३०३.४ आणि १५७४.६ किमी घेऊन हेरॉनने केलं, तरी ७,४९,६०० च्या जवळपास येतात. दोन दशांश स्थळं जपून केलेला गोलीय हिशेब आणि सरळ सपाट हिशेब, दोघांत फार फरक उरला नाही.

कारण उघड आहे. जवळजवळ १८१ मधून १८० वजा केले की आधीचे सगळे भरवशाचे अंक वजाबाकीत जातात आणि शिल्लक राहतात ते शेवटचे डळमळीत. म्हणून अक्षांश-रेखांश माहीत असतील तर कोन काढून वजाबाकी करूच नका. बाजूंवरून थेट कोनाधिक्य देणारं लुइलिएचं सूत्र वापरा. त्यात १८० कुठेच येत नाही:

```python
from math import sin, cos, tan, asin, atan, sqrt, radians as r

def side(p, q):
    h = (sin(r(q[0]-p[0])/2)**2
         + cos(r(p[0]))*cos(r(q[0]))*sin(r(q[1]-p[1])/2)**2)
    return 2*asin(sqrt(h))

P, D, K = (18.52, 73.86), (28.61, 77.21), (22.57, 88.36)
a, b, c = side(D, K), side(K, P), side(P, D)
s = (a + b + c)/2
E = 4*atan(sqrt(tan(s/2)*tan((s-a)/2)*tan((s-b)/2)*tan((s-c)/2)))
print(E * 6371**2)
```

उत्तर ७,५३,८५० च्या आसपास येतं. यातला `side` मुद्दाम असा लिहिलाय. जवळच्या बिंदूंसाठी कोसाइनच्या सूत्राने अंतर काढलं तर कोसाइन ०.९९९९९... असतो आणि पुन्हा तीच अंक गळायची गोष्ट होते. `acos` वापरून कोन काढणारा प्रोग्रॅम शंभर मीटर बाजूंच्या त्रिकोणाला कधी शून्य तर कधी चक्क ऋण क्षेत्रफळ देतो. ऋण आलं तर निदान कळतं तरी, धन आणि चुकीचं आलं तर कळत नाही.

त्रिज्या कोणती घ्यायची हाही प्रश्न असतोच. ६३७१ ऐवजी विषुववृत्तीय ६३७८ घेतली की याच त्रिकोणात साधारण सतराशे चौकिमींची भर पडते. पृथ्वी थोडी चपटी असल्यामुळे गोल धरून काढलेल्या क्षेत्रफळाचे शेवटचे आकडे खरे मानू नयेत. चौकिमीपर्यंत छापलेलं उत्तर दिसलं तर त्यातल्या पहिल्या तीन अंकांवर विश्वास ठेवायचा.

आता सिंहगड, पुरंदर आणि राजगड. या तीन माथ्यांचा त्रिकोण साधारण १९० चौकिमीचा. सूत्र उलटं फिरवून कोनाधिक्य काढा. एका विकलेला, म्हणजे अंशाच्या ३६०० व्या भागाला, पृथ्वीवर सुमारे १९७ चौकिमी लागतात. तेव्हा या त्रिकोणाचं कोनाधिक्य एक विकला, त्याहूनही किंचित कमी. कोन मोजून क्षेत्रफळ काढायचं म्हटलं आणि एक टक्क्याइतकं अचूक हवं असेल, तर तिन्ही कोनांची बेरीज विकलेच्या शंभराव्या भागापर्यंत बिनचूक हवी. चांगला थिओडोलाइट एक विकला वाचतो. दुपारी डोंगरउतारावरची हवा तापून थरथरते, तेव्हा समोरच्या माथ्यावरची खूणच त्याहून जास्त हलते. म्हणजे या मापावर कोनाधिक्यावरून क्षेत्रफळ काढायचा विचारच सोडून द्यायचा.

सर्वेक्षणात म्हणूनच हे सूत्र उलट्या दिशेने चालतं. क्षेत्रफळ सपाट सूत्राने काढतात. इतक्या लहान त्रिकोणात त्यात पडणारा फरक नगण्य असतो. त्यावरून कोनाधिक्य किती असायला हवं ते ठरवतात आणि मोजलेल्या कोनांची परीक्षा घेतात. समजा या तीन गडांवर बसून मोजलेल्या कोनांची बेरीज १८० अंश ० कला ४ विकला आली. ज्याला कोनाधिक्य माहीत नाही तो म्हणेल, चार विकला चूक. खरं तर एक विकला पृथ्वीच्या गोलाईची आहे, चूक तीन विकलांचीच. तिन्ही कोन सारख्याच काळजीने मोजले असतील तर प्रत्येकातून एक-एक विकला काढून टाकायची.

गडांच्या त्रिकोणात गोलाईची ही एक विकला डोळेझाक करण्याजोगी वाटते. पण १८०२ साली भारताच्या सर्वेक्षणासाठी विल्यम लॅम्ब्टनने मद्रासहून जो त्रिकोणांचा साखळदंड सुरू केला, त्यात बाजू मोठ्या होत्या. पन्नास किलोमीटर बाजूंच्या समभुज त्रिकोणाचं क्षेत्रफळ १०८३ चौकिमी, कोनाधिक्य साडेपाच विकला. एकामागून एक शेकडो त्रिकोणांत ती साडेपाच विकला चूक समजून वाटून टाकली असती, तर दिशा हळूहळू सरकत गेली असती. लॅम्ब्टन १८२३ मध्ये हिंगणघाटला वारला, काम पुढे जॉर्ज एव्हरेस्टने हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेलं.

चूक वाटून झाल्यावर बाजू काढायच्या असतात, त्यासाठी लजांद्रची १७८७ ची युक्ती आहे. दुरुस्त केलेल्या प्रत्येक कोनातून कोनाधिक्याचा एक तृतीयांश वजा करा, मग त्रिकोण सपाट समजून शाळेतला साइनचा नियम लावा. बाजूंची लांबी गोलावरचीच मिळते. गडांच्या त्रिकोणात प्रत्येक कोनातून विकलेचा तिसरा भाग जातो आणि बेरीज नेमकी १८० होते. क्रम मात्र पाळायचा: आधी बेरीज १८० अधिक कोनाधिक्य होईल अशी चूक वाटायची, मग तृतीयांश काढायचा. दोन्ही एकत्र करून थेट १८० ला आणून सोडलं तरी तिन्ही कोनांना समान वजन असेल तोवर आकडे तेच येतात. पण एक कोन कमी वेळा मोजलेला असेल तर मोजणीतल्या चुकीचा वाटा त्याला जास्त द्यायचा असतो, गोलाईचा वाटा तिघांना सारखाच, आणि तिथे दोन्ही एकात मिसळले की पुढच्या त्रिकोणाची बाजू चुकते.